एका पांढऱ्या बटेचा हिशेब

धान्याच्या बाजारात पोते उघडण्याआधी त्यात परखी खुपसली जाते. मूठभर दाणे तळहातावर पसरून पाहिल्याशिवाय आपल्या घरांत कोणी भाव बोलत नाही. कापडाचा व्यापारी नव्या रंगाच्या ठाणाचा कोपरा आधी पाण्यात भिजवून, पिळून, सावलीत वाळवून पाहतो. रंग उतरायचा असेल तर तो कोपऱ्यातच उतरू दे, ठाणात नको, हा त्यामागचा विचार. इतकी सावध असलेली आपली माणसे केसांना रंग लावताना मात्र थेट डोक्यावरच प्रयोग करतात. पाकीट फोडले, वाटीत कालवले आणि फासले. पुढे जो रंग येईल तो पदरी पडला, पवित्र झाला.

कापडाचा ठाण बिघडला तर तो कमी भावात विकता येतो. डोक्यावरचे केस परत करता येत नाहीत. मेंदीचा रंग एकदा केसांत भिनला की तो धुऊन निघत नाही, आणि मेंदी व नीळ दोन्ही चढलेल्या केसांवरून रंग उतरवायचा प्रयत्न केला तर पुष्कळदा हिरवट छटा हाती येते. म्हणून रंग आवडेल की नाही हे ठरवण्याची वेळ रंग डोक्यावर लागण्यापूर्वीची असते. ती साधण्याचा उपाय म्हणजे केसांची एक बारीक बट घेऊन तिच्यावर सारा प्रकार आधी करून पाहणे. केशभूषेच्या दुकानांत याला ‘स्ट्रँड टेस्ट’ म्हणतात. आमच्या घरी त्याला ‘बट पाहणे’ असे नाव पडले आहे.

आमच्याकडे हे सुरू झाले ते सासूबाईंमुळे. त्यांचे वय बासष्ट. कानशिलाजवळचे केस पूर्ण पांढरे, माथ्यावरचे निम्मेअधिक. सहा वर्षांपूर्वी घरच्या एका लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणारे एक पाकीट लावले होते. रात्री टाळू खाजू लागली आणि सकाळी पापण्या इतक्या सुजल्या की डोळे उघडेनात. ते लग्न त्यांनी अंधाऱ्या खोलीत पडून ऐकले. त्वचारोगतज्ज्ञांनी तपासून सांगितले की पाकिटात पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलीनडायअमीन नावाचा रासायनिक रंग असावा. शरीराने एकदा त्याच्याशी वैर धरले की ते सहसा आयुष्यभर टिकते, तेव्हा पुन्हा त्याच्या वाटेला जायचे नाही. त्यानंतर त्यांनी केसांना काहीच लावले नाही. पण यंदा अक्षय्य तृतीयेला थोरल्या नातवाचे लग्न ठरले आणि एके दुपारी त्या हळूच म्हणाल्या, “सूनबाई, डोळे न सुजता केस थोडे सावरता येतील का?”

प्रश्न लहान होता, पण उत्तर चुकले असते तर आणखी एक लग्न त्यांच्या हातून गेले असते.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण पुष्कळ जणींच्या मनात तो पुसट असतो. त्वचेची चाचणी वेगळी आणि बटेची चाचणी वेगळी. रंग अंगाला सोसतो की नाही हे त्वचा सांगते; रंग किती वेळात, कोणता आणि कसा चढेल हे बट सांगते. एकीचे काम दुसरी करू शकत नाही. पीपीडी असलेल्या रंगाच्या खोक्यावर आधी त्वचेवर चाचणी घेण्याची सूचना इंग्रजीत व स्थानिक भाषेत छापणे आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे. मेंदी किंवा निळीचे तसे वावडे क्वचितच आढळते, तरी सासूबाईंचा पूर्वेतिहास पाहता आम्ही आधी दोन्ही भुकट्या पाण्यात कालवून त्यांच्या कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या दोन ठिपक्यांत लावल्या आणि दोन दिवस वाट पाहिली. खाज नाही, सूज नाही. मगच बटेकडे वळलो. ज्यांना पूर्वी असा त्रास झाला आहे त्यांनी ही पायरी डॉक्टरांना विचारूनच करावी.

बटेसाठी केस कापायला सासूबाई तयार नव्हत्या. त्याची गरजही नव्हती. आठ दिवस रोजचा गुंतवळ टाकून न देता कागदाच्या पुडीत जपून ठेवला. त्यातले पांढरे केस निवडले, सौम्य साबणाने धुऊन वाळवले आणि त्यांच्या उदबत्तीच्या काडीइतक्या जाड आठ जुड्या करून एका टोकाला पांढऱ्या दोऱ्याने बांधल्या. पांढरे केस निवडण्याचे कारण असे की काळ्या केसांवर रंग चढला तरी दिसत नाही. रंगाची खरी कसोटी पांढऱ्यावरच लागते. पोत्याच्या वरच्या थरातले दाणे नेहमीच चांगले असतात, म्हणून जाणता माणूस परखी तळापर्यंत घालतो, तसेच हे. दुसरी काळजी धुण्याची. गुंतवळाला तेल असते, आणि तेलकट केसावर मेंदी नीट बसत नाही. बट तेलकट ठेवली आणि डोके मात्र शिकेकाईने धुऊन रंगवले, तर दोन्हींचा मेळ बसणार नाही.

पहिल्या जुडीवर आम्ही मेंदी लावलीच नाही. माझ्या जाऊबाईंनी मोठ्या प्रेमाने एक पाकीट आणले होते. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘शुद्ध नैसर्गिक काळी मेंदी’ असे छापलेले. हातमोजे घालून मी ती भुकटी पाण्यात कालवली आणि एका पांढऱ्या जुडीला लावली. वीस मिनिटांनी पुसून पाहिले तर जुडी काळीभोर. जाऊबाईंना आनंद झाला, पण मला जे कळायचे ते कळले. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते आणि ते केसांतल्या केराटीनला चिकटून केशरी ते तांबूस रंग देते. काळा रंग मेंदीत नसतोच. पांढरा केस नुसत्या मेंदीने वीस मिनिटांत काळा होत असेल तर त्या पाकिटात मेंदीखेरीज दुसरे काही तरी आहे, एवढे निश्चित. पाकिटाच्या पाठीमागे, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत, पीपीडीचे नाव सापडलेही. सासूबाईंच्या अंगाला न शिवता एका बटेने ही वार्ता दिली. मात्र याची उलट बाजूही ध्यानात ठेवावी. बट काळी झाली नाही म्हणून पाकीट निर्दोष ठरत नाही. तपकिरी छटेतही ते द्रव्य थोड्या प्रमाणात असू शकते. म्हणून बट पाहायची आणि पाठीमागची बारीक अक्षरेही वाचायची.

मग इतवारीतून दोन वेगळी पाकिटे आणली. एकात नुसती मेंदीची पाने दळलेली, राजस्थानातल्या सोजतची. दुसऱ्यात निळीच्या झाडाची वाळलेली पाने दळलेली. कपड्यांना घालायची नीळ ही नव्हे. ती निळी भुकटी वेगळीच वस्तू आहे, तिचा केसांशी संबंध नाही. केसांची नीळ दिसायला हिरवी असते आणि तिचा वास ओल्या चाऱ्यासारखा येतो. ती जुनी झाली की करडी पडते. पांढऱ्या केसाला काळसर करायचे तर आधी मेंदीचा तांबूस थर आणि त्यावर निळीचा निळा थर, असे दोन थर लागतात. तांबडे आणि निळे एकत्र आले की डोळ्याला तपकिरी किंवा काळे दिसते. किती तपकिरी आणि किती काळे, हे निळीच्या वेळेवर ठरते. आमचा सारा प्रयोग ही वेळ शोधण्याचा होता.

पाण्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. आमचे घर वाडीत, अमरावती रस्त्याच्या आत, गोदामांच्या मागे. घरच्या बोअरचे पाणी इतके जड की साबणाला फेस येत नाही आणि नळाच्या तोंडाशी पांढरा थर साचतो. आपण सर्व जण पाणी गाळून वापरतो. पण कापडाच्या गाळण्याने सूक्ष्म जीव वाचतात, पाण्यात विरघळलेले क्षार मात्र त्यातून जसेच्या तसे निघून जातात. लॉसोन केसात उतरायला किंचित आंबट पाणी मानवते आणि क्षाराचे पाणी त्याच्या उलट जाते. म्हणून एका जुडीला बोअरच्या पाण्यात आणि दुसरीला पिण्याच्या शुद्ध केलेल्या पाण्यात कालवलेली मेंदी सारखाच वेळ लावली. बोअरच्या पाण्याची जुडी मळकट आणि फिकी निघाली. तेव्हा कालवायला पिण्याचे पाणी हे ठरले. तत्त्व इतकेच की ज्या पाण्यात, ज्या पाकिटातून, जितका वेळ मुरवून बटेला लावाल, तेच सारे डोक्यालाही लावायचे. एक गोष्ट बदलली की नमुना निरुपयोगी होतो.

आता मुख्य प्रयोग. दोन मोठे चमचे मेंदी मलमलीतून चाळली, कोमट पाणी आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून श्रीखंडाइतकी घट्ट कालवली आणि झाकून ठेवली. काही जणी यात अंडे घालायला सांगतात. आपल्या घरात तो विचारही नको, आणि रंगासाठी त्याची काडीमात्र गरज नाही. मेंदी किती वेळ मुरवायची हे घड्याळापेक्षा हवेवर अवलंबून असते. थंडीत रात्रभर लागेल तेवढे काम नागपूरच्या चैत्रातल्या उकाड्यात चार तासांत होते. मुरली की नाही ते कळण्याची खूण सोपी आहे. बोटभर लगदा तळहातावर पाच मिनिटे ठेवून पुसावा. खाली स्पष्ट केशरी डाग उमटला तर मेंदी तयार आहे. डाग येत नसेल तर थांबावे. फार वेळ ठेवलेल्या मेंदीचा जोर पुन्हा ओसरतो, म्हणून दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

चार जुड्यांना एकाच वेळी मेंदी लावली, त्या वाळू नयेत म्हणून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळल्या आणि वेगवेगळ्या वेळी काढल्या. अर्धा तास, एक तास, दोन तास, तीन तास. सगळ्यांची सुरुवात एकाच वाटीतून आणि एकाच वेळी होणे महत्त्वाचे. नाही तर फरक वेळेमुळे पडला की लगद्यामुळे, हे कळत नाही. अर्ध्या तासाची जुडी नागपुरी संत्र्याच्या सालीसारखी निघाली. एका तासाची त्याहून गडद. दोन तासांची जुन्या तांब्याच्या घंगाळाची आठवण करून देणारी. तीन तासांची जुडी दोन तासांच्या शेजारी ठेवली तर नजरेला फरकच दिसेना. बटेने पहिली गोष्ट सांगितली ती ही: या केसांना, या मेंदीला, दोन तास पुरेत. तिसरा तास म्हणजे म्हाताऱ्या मानेवर ओल्या लगद्याचे ओझे, दुसरे काही नाही. पुष्कळ घरांत मेंदी चार-पाच तास ठेवण्याची रीत आहे. कोणाच्या केसांना खरेच तेवढा वेळ लागत असेलही. पण तो आकडा शेजारणीच्या सांगण्यावरून न घेता स्वतःच्या बटेवरून घ्यावा.

उरलेल्या गुंतवळाच्या चार नव्या जुड्या बांधून सर्वांना दोन तास मेंदी दिली, धुतल्या आणि निळीची तयारी केली. नीळ मेंदीसारखी मुरवायची नाही. तिची पाने पाण्यात पडताच रंग मोकळा होऊ लागतो आणि हवेतल्या प्राणवायूने लगेच पक्का होऊ लागतो. तो केसात उतरण्याआधी वाटीतच पक्का झाला तर केसाला काही मिळत नाही. म्हणून साध्या कोमट पाण्यात चिमूटभर मीठ टाकून कालवायची, लिंबू मुळीच घालायचे नाही, दहा-पंधरा मिनिटे झाकून ठेवायची आणि वरच्या पृष्ठावर निळसर काळी झाक दिसताच लावायला घ्यायची. अर्ध्या तासात ती वापरून संपवायला हवी. पंधरा मिनिटांनंतरही वर निळी झाक येत नसेल तर भुकटी जुनी आहे असे समजावे. हे कळण्यासाठीही डोक्याची गरज नाही, एक चमचा पुरतो.

या चार जुड्या पंधरा, तीस, साठ आणि नव्वद मिनिटांनी काढून नुसत्या पाण्याने धुतल्या. आणि इथेच घाई करणारा फसतो. धुतल्याबरोबर चारही जुड्यांवर शेवाळी झाक होती. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. “अगं, हे तर डबक्यासारखं दिसतंय,” त्या म्हणाल्या. मी म्हटले, “आई, आज निकाल नाही. परवा सकाळी पाहू.” जुड्या कोऱ्या कागदावर चिकटवल्या, प्रत्येकीखाली मिनिटे लिहिली, आणि तो कागद देवघराजवळच्या उघड्या फळीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी हिरवी झाक बरीच निघून गेली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतल्या उजेडात कागद धरला तेव्हा चार स्पष्ट उत्तरे समोर होती. पंधरा मिनिटांची जुडी तांबूस तपकिरी. तीस मिनिटांची चिंचोक्याच्या रंगाची. साठ मिनिटांची काळपट, उन्हात धरल्यावरच तांबूस जाणवणारी. नव्वद मिनिटांची तव्याच्या बुडासारखी एकसारखी काळी. दोन दिवसांत बाहेरून कोणी काही लावले नव्हते. केसात उतरलेली नीळ हवेशी हळूहळू पक्की होत राहते आणि मेंदीही त्या काळात गडद होते. म्हणजे या रंगाला दोन घड्याळे असतात. एक लगदा केसावर असेपर्यंत चालते आणि मिनिटांत मोजते. दुसरे केस धुतल्यानंतर सुरू होते आणि दिवसांत मोजते. पहिल्याचा काटा आपल्या हातात असतो, दुसऱ्याचा नसतो. जो पहिले घड्याळ थांबताच निकाल जाहीर करतो तो घाबरून पुन्हा नीळ लावतो, आणि दोन दिवसांनी केस कोळशासारखे काळे झालेले पाहतो.

रंग पाहण्याची रीतही सांभाळावी. ओला केस नेहमी गडद दिसतो, म्हणून जुडी पूर्ण वाळलेली हवी. पिवळ्या दिव्याखाली तपकिरी रंग उबदार दिसतो आणि ट्यूबलाइटखाली तोच करडा वाटतो, म्हणून दिवसाचा उजेड हवा. आणि लगदा पुसल्याखेरीज रंग ठरवू नये. वरवरचा थर हवेने काळा पडलेला असतो, आतला केस तेवढा रंगलेला नसतो.

सासूबाईंनी चिंचोक्याच्या रंगाची जुडी उचलली. “बासष्टाव्या वर्षी कावळ्याचे पंख लावून मांडवात बसायचं नाही मला,” असे म्हणून त्या हसल्या. मग काहीशा गंभीर झाल्या. प्रसन्नचंद्र राजर्षींच्या पित्याची, राजा सोमचंद्राची कथा आमच्याकडे अनेकदा ऐकलेली. हेमचंद्राचार्यांच्या परिशिष्टपर्वात ती येते. केस न्याहाळताना राणीला एक पांढरा केस दिसतो, दूत आला असे ती राजाला सांगते, आणि तो दूत कोणाचा हे उमगताच राजा राज्य सोडून वनाची वाट धरतो. सासूबाई म्हणाल्या, “दूत तर माझ्याकडे केव्हाच येऊन बसलाय. त्याला हाकलायचं नाही. चार दिवस पाहुणे येणार, तेवढं त्याला जरा मागच्या खोलीत बसवू.” मला त्या बोलण्यात रंग लावणाऱ्या कितीतरी बायकांचे मन दिसले. त्यांना तरुण दिसायचे नसते; आपल्या माणसांत बसताना अवघडायचे नसते, एवढेच.

छटा ठरली, तरी वेळ अजून ठरली नव्हती. गुंतवळ फळीवर असतो आणि केस डोक्यावर असतात, त्यांच्यात शरीराच्या उबेचा फरक आहे. ऊब मिळाली की रंग लवकर चढतो. म्हणून आठवड्याने दुसरी, शेवटची चाचणी डोक्यावरच्याच एका बटेवर केली. उजव्या कानामागची, वरच्या केसांनी झाकली जाणारी बारीक बट मोकळी केली, आजूबाजूचे केस चिमट्याने दूर ठेवले, तिला दोन तास मेंदी आणि तीस मिनिटे नीळ देऊन स्वयंपाकघरातल्या चांदीसारख्या फॉइलमध्ये गुंडाळले. धुतली आणि दोन दिवस थांबलो. कागदाशी जुळवून पाहिले तर ही बट तीस मिनिटांच्या जुडीशी जुळेना. ती साठ मिनिटांच्या जुडीच्या जवळ गेली होती. डोक्याच्या उबेने तेवढ्याच वेळात जवळजवळ दुप्पट काम केले होते. कागदावरची तीस मिनिटे डोक्यावर फार झाली असती. आम्ही नीळ वीस मिनिटांवर आणली.

वीस मिनिटे म्हणजे कुठून कुठपर्यंत, हाही प्रश्न असतो. एका बटेला रंग लावायला अर्धे मिनिट लागते, डोक्याला पंधरा ते वीस मिनिटे. पहिली फणी जिथे फिरली तिथल्या केसांना शेवटच्या केसांपेक्षा तेवढा वेळ आपसूक जास्त मिळतो. हा फरक टाळता येत नाही, पण कामाला लावता येतो. कानशिलाजवळचे पांढरे केस जाड आणि हट्टी असतात, रंग उशिरा धरतात. म्हणून सुरुवात तिथून करायची, मग मानेवरचे केस, आणि उबेचा माथा सर्वांत शेवटी. दोघी जणींनी दोन बाजूंनी लावले तर वेळ निम्मा होतो. मी आणि जाऊबाईंनी तसेच केले, आणि शेवटची फणी फिरल्यापासून वीस मिनिटे मोजली.

दिवसांचा हिशेब मागून पुढे केला होता. लग्न अक्षय्य तृतीयेला, म्हणून डोके चार दिवस आधी रंगवायचे. कारण पहिले दोन दिवस हिरवट झाकेचे असतात आणि त्या काळात शाम्पूही लावायचा नाही. त्याआधी कानामागची बट, त्याआधी फळीवरच्या जुड्या, त्याआधी कोपरावरचे ठिपके, आणि सर्वांत आधी आठ दिवसांचा गुंतवळ. एकूण महिनाभराचे काम, पण रोजचे त्यातले काम क्षणभराचे. लग्नाच्या आदल्या रात्री पाकीट फोडणाऱ्याला यातला एकही दिवस मिळत नाही.

घरातली पुरुष मंडळी खोक्यातला क्रीमचा रंग वापरतात. त्यांच्यासाठीही बट पाहता येते, पण तिचे गणित निराळे. त्या रंगात दोन नळ्या मिसळल्या की रासायनिक क्रिया सुरू होते आणि बहुधा अर्ध्या-पाऊण तासात संपते. बटेला लावून दर पाच मिनिटांनी थोडा भाग ओल्या कापसाने पुसून पाहावा, आणि हवी ती छटा दिसताच मिनिटे टिपून ठेवावीत. धुऊन वाळवल्यावर दिसते तीच छटा जवळजवळ अखेरची असते. तिथे दुसरे घड्याळ नाही. मात्र पूर्वी कोणता रंग लावला होता हे ठाऊक नसेल तर जुने टोक आणि नवे मूळ, दोन्ही असलेली बट घ्यावी. जुन्या रंगलेल्या टोकावर नवा रंग जास्त गडद बसतो. आणि काही जुन्या रंगांत धातूंचे क्षार असतात. त्यांच्यावर पेरॉक्साइड पडले की बट गरम होते, वास येतो, केस तुटू लागतो. बट हाताला तापलेली जाणवली तर ते खोके बाजूला ठेवावे. ती ऊब डोक्यावर अनुभवायची नाही.

अक्षय्य तृतीयेला सासूबाई मांडवात सर्वांत पुढे बसल्या होत्या, डोळे उघडे आणि कोरडे. त्या दिवशी त्यांच्या केसांचे कोणी कौतुक केले नाही. कोणाचे लक्षच तिकडे गेले नाही, आणि त्यांना नेमके तेच हवे होते. मुळांजवळ चिंचोक्याचा रंग, टोकांकडे किंचित उजळ. कागदावरच्या जुडीशी ठेवून पाहिले तर बोट ठेवायला जागा नव्हती.

तो कागद आता कपाटाच्या आतल्या दारावर टाचलेला आहे. आठ जुड्या, त्यांखाली मिनिटे, पाण्याची नोंद, पाकिटे आणल्याचा महिना. पुढच्या वेळी मुळे पांढरी दिसू लागली की नवे पाकीट येईल. पान त्याच झाडाचे असले तरी पीक दुसऱ्या वर्षाचे असेल, दळण वेगळे असेल, आणि वैशाखाऐवजी कदाचित पौषातली थंडी असेल. तेव्हा एक नवी जुडी बांधून कागदावर तिची जागा करावी लागेल. सासूबाईंनी त्यासाठी गुंतवळाची पुडी आतापासूनच भरायला घेतली आहे.